कँटीनच्या ताटात फायबर नेमकं कुठे असतं

"ताई, वय ३२, दिवसभर खुर्चीवर बसून काम. सकाळी चहा आणि चार बिस्किटं, दुपारी ऑफिसच्या कँटीनचं ताट, संध्याकाळी पाचला खाली गाडीवर जे तळलेलं मिळेल ते आणि रात्रीही बाहेरूनच मागवतो. एकटा राहतो, डबा करणं खरंच जमत नाही त्यामुळे ते सोडून सांगा. दोन दोन दिवस पोट साफ होत नाही आणि दुपारी तीनला डोळे मिटायला लागतात. सगळे म्हणाले फायबर वाढव, म्हणून महिनाभर रोज कँटीनचं सॅलड खाल्लं, काही फरक नाही. मग एक दिवस उकडलेले चणे मोठी प्लेट भरून खाल्ले तर पोट इतकं फुगलं की मीटिंगमधे बसवेना. आता फायबरची भीतीच बसलीये. कँटीन आणि गाडी यातूनच काय घेऊ ते सांगा."

– एक वाचक

डबा सोडूनच सांगते, काळजी करू नकोस, कँटीन आणि गाडीवर भागवणाऱ्याचंही गणित नीट बसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

आधी सॅलड आणि चणे यांचं बघू कारण तुझी सगळी गडबड या दोघांच्या मधे आहे. कँटीनच्या सॅलडमधे काय असतं आठव, काकडीच्या सात-आठ चकत्या, टोमॅटोच्या दोन, थोडा कांदा. काकडी म्हंजे बहुतेक पाणीच, १०० ग्रॅम काकडीत फायबर जेमतेम अर्धा ग्रॅम, टोमॅटोत सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि तुझ्या वाटीत १०० ग्रॅम पण नसतं. म्हंजे ते अख्खं सॅलड धरून तुला मिळालं फार तर एक ग्रॅम. महिनाभर रोज एक ग्रॅम वाढवला तर पोटाला कळणार पण नाही. आता चणे, उकडलेल्या चण्यात १०० ग्रॅममागे साधारण साडेसात ग्रॅम फायबर असतं, मोठी प्लेट अडीचशे ग्रॅमची धरली तर एका बैठकीत एकोणीसच्या आसपास गेलं, जे तुझ्या एरवीच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त आहे (ते कसं ते खाली सांगते). तर सॅलड खाताना जागा चुकली, चणे खाताना जागा एकदम बरोबर होती पण प्रमाण चुकलं. चण्यांना घाबरून परत सॅलडकडे जाऊ नकोस एवढंच माझं सुरुवातीचं म्हणणं.

आता तुझा दिवस मोजू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जे मार्गदर्शन काढलं त्यात मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर, आणि तेही खाण्यातून आलेलं, असं म्हटलंय. तुझी चार बिस्किटं म्हंजे एक ग्रॅम. दुपारचा पांढरा भात ताटभर असला तरी एक ग्रॅमच्या आसपास, कारण शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम पण नसतं. कँटीनची पातळ डाळ वाटीभर, दोन-अडीच. बटाट्याची भाजी दोन. सॅलड अर्धा ते एक. संध्याकाळचा तळलेला मैदा किंवा बटाटा जे काही असेल ते दोन. रात्रीचे मागवलेले नूडल्स किंवा भात, त्यात थोड्या भाज्या असतात, तीन धर. झाले बारा ग्रॅम. हे अंदाजाचे आकडे आहेत, स्वयंपाकी आणि वाटी बदलली की एक-दोन ग्रॅम इकडे तिकडे होणार, पण निम्म्याच्या खाली आहेस हे नक्की. म्हंजे आपल्याला तेरा ग्रॅम शोधायचेत, आणि ते सगळे दिवसभर थोडे थोडे पसरून शोधायला गेलास तर थकशील, त्यातले निम्म्याहून जास्त दुपारच्या एका वाटीत मिळतात.

ती वाटी कडधान्याची. चणे, राजमा, मसूर, मूग, वाटाणा, चवळी, जे काही कँटीनमधे त्या दिवशी असेल ते. ही सगळी शिजल्यावर १०० ग्रॅमला साडेसहा ते आठ ग्रॅमच्या घरात असतात, पालेभाज्या आणि बहुतेक फळं याच्या बरीच खाली राहतात. दीडशे ग्रॅम शिजलेलं कडधान्य, म्हंजे साधारण एक मध्यम वाटी गच्च भरून, रस बाजूला ठेवून नुसते दाणे, यात दहा ग्रॅम मिळतात.

इथे एक गोष्ट बारकाईने बघ कारण कँटीनमधे नेमकं इथेच फसायला होतं. मोठ्या पातेल्यातली डाळ किंवा कडधान्य तासभर तसंच गरम राहतं, दाणे खाली बसतात आणि वर पाणी राहतं. वाढणारा माणूस घाईत असतो, वरून डाव बुडवतो आणि तुझ्या वाटीत पिवळं पाणी येतं, त्यात मीठ मसाला तेल सगळं असतं पण फायबर नसतं कारण फायबर त्या खाली बसलेल्या भागात आहे. त्यामुळे वाढताना सांगायचं, "दादा जरा तळातून ढवळून द्या, रस कमी चालेल." कोणी नाही म्हणत नाही. आणि वाटी टेबलावर आणल्यावर दोन मिनिटं तशीच ठेवून बघ, वर निवळ पाणी किती आणि खाली घट्ट किती ते दिसतं. निम्म्याहून जास्त पाणी असेल तर ती वाटी दोन-तीन ग्रॅमची, चमचा उभा राहील इतकी घट्ट असेल तर तीच वाटी सहा-सात ग्रॅमची. तीच डाळ, तेच पातेलं, फरक फक्त डाव कुठपर्यंत गेला याचा. आणि निवड असेल तर सालासकट अख्खं कडधान्य घे, सोललेल्या डाळीत पण फायबर असतं बरं का, एकदम शून्य नसतं, पण साल गेलं की बराच भाग जातो.

राजम्याबद्दल एक सावधगिरी. राजमा नीट शिजलेला नसेल तर त्यातल्या एका नैसर्गिक द्रव्यामुळे काही तासांत मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि माणूस दोष देतो फायबरला. तपासायचं कसं, एक दाणा चिमटीत धरून दाब, लोण्यासारखा दबला पाहिजे, आत कडक कण लागला किंवा मधे पांढरट खडूसारखं दिसलं तर ती वाटी बाजूला ठेव. चण्याचं एवढं नाही पण अर्धवट शिजलेला चणा पोटात जास्त गॅस करतो हे तू बघितलंच असशील.

ज्या दिवशी कँटीनमधे कडधान्य नसतं त्या दिवशी काय, तर आधी हे बघ की भाजीत मटार आहे का. लोक मटारला साधी भाजी समजतात पण तो कडधान्याच्याच घरातला आहे, शिजलेल्या मटारात १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर फायबर असतं. मटार पण नसेल तर शिजलेली भाजी दुप्पट घे, कोबी, गाजर, फरसबी, फ्लॉवर, यात १०० ग्रॅमला दोन ते तीन ग्रॅम. दुप्पट भाजी आणि निम्मा भात असं ताट मागितलं तरी बहुतेक कँटीनवाल्यांना चालतं. बटाटा मात्र भाजीत मोजू नकोस, तो भाताच्या बाजूला मोजायचा, म्हंजे ताटात बटाट्याची भाजी आणि भात दोन्ही असेल तर तुझ्याकडे भाजी नाहीच असं समज.

भात की पोळी की ब्रेड यावर लोक फार भांडतात, मी थोडक्यात सांगते. पूर्ण गव्हाच्या पिठाची मध्यम पोळी असेल तर एकीत तीनेक ग्रॅम मिळतं, म्हंजे दोन पोळ्या भाताच्या ताटापेक्षा पाच ग्रॅमनी पुढे. पण कँटीनमधे पिठात मैदा मिसळलेला असतो कधी कधी, ओढल्यावर रबरासारखी ताणली जाते, पांढरट दिसते आणि गार झाली की चामड्यासारखी होते, तशी असेल तर तो फायदा धरू नकोस. ब्राउन ब्रेडचं पण तेच, रंग कॅरॅमलने पण येतो, त्यामुळे पाकिटामागे घटकांच्या यादीत पहिलं नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचं आहे की मैद्याचं ते वाच, पहिलं नाव म्हंजे सगळ्यात जास्त प्रमाणात असलेला पदार्थ. मैदा पहिला असेल तर तो पांढराच ब्रेड आहे. आणि भात आवडत असेल तर खा की, कडधान्याची वाटी भरलेली असेल तर भाताने काही बिघडत नाही, फक्त ताटातला त्याचा ढीग कमी कर.

आता संध्याकाळची गाडी. इथे तुझी अडचण मला वाटतं भुकेची आहे, दुपारचं जेवण पांढरा भात आणि पातळ डाळ असल्यामुळे लवकर पचून जातं, पाचला पोट रिकामं आणि समोर गरम तळलेलं, मग कोण थांबणार. दुपारी ती घट्ट वाटी गेली की पाचची भूक आपोआप मवाळ होते, हा बदल बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात जाणवतो. तरी काहीतरी लागतंच, तर गाडीवर बघायचं काय.

भाजलेले चणे सालासकट, एक मूठ म्हंजे तीस ग्रॅम, चारेक ग्रॅम फायबर, आणि कोरडे असल्यामुळे खराब व्हायची भीती सगळ्यात कमी. माझा पहिला नंबर यालाच. शेंगदाणे भाजलेले किंवा उकडलेले, तीस ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत अडीच ग्रॅम, पोट छान भरतं पण तेल भरपूर असतं म्हणून एका मुठीवर थांबायचं, पुडीच्या पुडी संपवायची नाही. मक्याचं कणीस, भाजलेलं असो वा उकडलेलं, एका मध्यम कणसाला अडीच-तीन ग्रॅम, आणि ते खायला वेळ लागतो हा त्याचा मोठा फायदा. साधे पॉपकॉर्न पण चांगले, तीन कप फुललेल्या लाह्यांत साडेतीन ग्रॅम, फक्त लोणी आणि साखरेच्या पाकातले नको.

फळ मात्र अख्खं घे. मध्यम सफरचंद सालासकट चार-साडेचार ग्रॅम, साल काढलं की निम्म्यावर येतं. केळं तीन ग्रॅम. पेरू १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या वर, म्हंजे फळांत पेरूला तोड नाही. ज्यूसच्या गाडीवर तेच फळ पिळून गाळून दिलं की फायबर चोथ्यात जातं आणि ग्लासात साखरेचं पाणी उरतं, तीन संत्र्यांचा ज्यूस पिण्यापेक्षा एक संत्रं सोलून खा. कापून ठेवलेली फळं उघड्यावर असतात, माशा आणि धूळ तर सोड, कापताना वापरलेली सुरी आणि शिंपडलेलं पाणी कुठलं ते आपल्याला कळत नाही, म्हणून जे आपण स्वतः सोलतो किंवा धुतो तेच फळ गाडीवरून घ्यायचं. असंच कच्च्या मोड आलेल्या कडधान्यांचं, खूप हेल्दी म्हणून लोक रस्त्यावर खातात पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते त्यातच जंतू पण वाढतात, साल्मोनेला आणि ई. कोलायच्या साथी मोडांमुळे झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. मोड हवेतच असतील तर समोर वाफवलेले किंवा तव्यावर परतलेले गरम घे, कच्चे नको.

आणि पाकिटातली "हाय फायबर" बिस्किटं. याला एकच चाचणी लाव, मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला किती फायबर लिहिलंय ते बघ, आंतरराष्ट्रीय खाद्य मानकांप्रमाणे सहा ग्रॅम किंवा जास्त असेल तर "जास्त फायबर" म्हणता येतं. पण तू १०० ग्रॅम खात नाहीस, दोन बिस्किटं खातोस, म्हंजे वीस-पंचवीस ग्रॅम, म्हंजे हातात येतं दीड ग्रॅम आणि त्याच्यासोबत साखर आणि तेल. चहासोबत खायचं तर खा, पण हिशेबात धरू नकोस.

तर तुझा दिवस परत मांडते. चहासोबत किंवा ऑफिसला पोचल्यावर एक फळ, साडेतीन ग्रॅम वाढले. दुपारी पातळ डाळीच्या जागी घट्ट कडधान्याची वाटी, अडीचचे दहा झाले म्हंजे साडेसात वाढले. संध्याकाळी तळलेल्याच्या जागी मूठभर भाजलेले चणे, दोनचे चार झाले. बाराचे पंचवीस झाले आणि तुला स्वयंपाकघरात पाऊल पण टाकावं लागलं नाही. रात्रीचं मागवणं आहे तसंच ठेवलंय मी, मुद्दाम, कारण सगळं एकदम बदलायला गेलास तर आठ दिवसांत सोडून देशील.

पण हे सगळं उद्यापासून चालू करायचं नाही, आणि हाच तुझ्या त्या मीटिंगवाल्या दिवसाचा धडा आहे. कडधान्यात रॅफिनोज वगैरे नावाच्या काही साखरा असतात, त्या तोडायचं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू त्या खाऊन गॅस सोडतात. फायबरचं पण बरंचसं तिथेच आंबतं. ज्याच्या पोटातल्या जंतूंना रोज दहा-बारा ग्रॅमची सवय आहे त्यांच्यासमोर अचानक एकोणीस ग्रॅम जास्तीचे आले की काय होणार ते तू भोगलंयस. हळूहळू वाढवलं तर काही आठवड्यांत तिथली जंतूंची वस्ती बदलते आणि तेवढ्याच चण्यांना गॅस कमी होतो, ही कल्पना नाही, सवयीने गॅस कमी होतो हे अभ्यासात दिसलेलं आहे.

म्हणून असं कर. पहिला आठवडा फक्त दुपारची वाटी, आणि ती पण अर्धी, त्यात मसूर किंवा मूग असेल तर उत्तम कारण ते चणे-राजम्यापेक्षा बहुतेकांना हलके जातात. बाकी सगळं जसं चालू आहे तसं. दुसऱ्या आठवड्यात वाटी पूर्ण. तिसऱ्यात सकाळचं फळ. चौथ्यात संध्याकाळची गाडी बदल. कुठल्याही टप्प्याला पोट जास्त फुगलं तर पुढे जाऊ नकोस, मागे पण येऊ नकोस, तिथेच आणखी एक आठवडा थांब. चणे खायचेच असतील तर तिसऱ्या आठवड्यानंतर आणि सुरुवातीला दोन-तीन चमचे, आणि नीट चावून, घाईत गिळलेल्या जेवणासोबत हवा पण पोटात जाते आणि ऑफिसच्या पंचवीस मिनिटांच्या लंचमधे आपण सगळेच गिळतो.

पाणी वाढवलं नाही तर हे उलटं पडू शकतं, हे नीट लक्षात घे. फायबर पाणी धरून ठेवतं म्हणून मल मऊ राहतो, पाणीच कमी असेल तर तेच फायबर घट्ट गोळा होऊन बसतं आणि माणूस म्हणतो फायबर वाढवलं आणि बद्धकोष्ठ वाढलं. एसीत बसून तहान लागत नाही ही अडचण असतेच, त्यामुळे तहानेवर सोडू नकोस, कडधान्याच्या वाटीसोबत एक ग्लास, संध्याकाळच्या चण्यांसोबत एक ग्लास, आणि अधेमधे एक-दोन, एवढं बांधून घे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मला विचारावीशी वाटते, सकाळी वेळ देतोस का? खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. तू नुसता चहा घेऊन धावतोस, मग कधीतरी ऑफिसमधे कळ येते आणि कामामुळे किंवा तिथलं टॉयलेट नको वाटतं म्हणून दाबली जाते. दाबली की मल तिथेच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी कडक. कितीही कडधान्य खाल्लं तरी ही सवय राहिली तर अर्धाच फायदा होणार. म्हणून ते सकाळचं फळ शक्यतो घरीच खा, निघायच्या अर्धा तास आधी, आणि मग दहा मिनिटं निवांत, फोनशिवाय. पायाखाली छोटं स्टूल घेतलं तर कमोडवर जोर कमी करावा लागतो.

तीन वाजताच्या झोपेबद्दल मी मोठं आश्वासन देणार नाही. दुपारी शरीराला थोडी सुस्ती येतेच, आणि रात्री झोप कमी होत असेल तर ती कडधान्याने भरून निघत नाही. पण ताटभर पांढरा भात एकदम पोटात गेला की रक्तातली साखर झपकन वर जाते, त्याचा वाटा असेल तर तो कमी करता येतो. ताट समोर आलं की आधी भाजी आणि कडधान्य अर्धं संपव, भात त्यानंतर. याच क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि यात काही वेगळं विकत घ्यायचं नाही. दोन आठवडे करून बघ, सुस्ती तशीच राहिली तर कारण ताटात नाही, झोपेत किंवा आणखी कुठेतरी शोधावं लागेल.

इसबगोलचं कोणीतरी सांगेलच तुला, म्हणून आधीच बोलते. वाईट नाही, प्रवासात किंवा ज्या आठवड्यात कँटीन बंद आहे तेव्हा कामाला येतं, एका मोठ्या चमच्यात चारेक ग्रॅम मिळतात. पण मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, कोरडं तोंडात टाकून वर घोट घ्यायचा नाही कारण घशात फुगून अडकू शकतं, आणि इतर गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवायचं. रोजच्या वाटीची जागा त्याला देऊ नकोस, कडधान्यातून प्रथिनं, लोह, फोलेट येतं ते त्यात नाही.

फरक पडतोय की नाही हे कसं ओळखायचं, तर किती दिवसांनी जातोस यापेक्षा मल कसा आहे ते बघ. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणून एक सात प्रकारांचा तक्ता आहे, डॉक्टर पण तोच वापरतात. सुट्या कडक गोळ्या म्हंजे पहिला प्रकार, गोळ्या चिकटून झालेला ओबडधोबड म्हंजे दुसरा, हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. वर थोड्या भेगा असलेला किंवा गुळगुळीत मऊ लांबट म्हंजे तिसरा आणि चौथा, आपल्याला तिथे पोचायचंय. तू आत्ता बहुधा पहिल्या-दुसऱ्यात असशील, तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिसऱ्याकडे सरकायला पाहिजेस. जोर लावावा लागत नसेल आणि पूर्ण झाल्यासारखं वाटत असेल तर दिवसाआड गेलास तरी काळजी नाही.

पाच-सहा आठवडे नीट करूनही तिथेच अडकला असशील तर आणखी फायबर वाढवत बसू नकोस, डॉक्टरकडे जा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं घेऊन जा, कारण लोहाच्या गोळ्या, काही पेनकिलर, काही ॲसिडिटीची औषधं यांनी पण पोट बांधलं जातं, आणि थायरॉइड कमी असेल तरी. मलात रक्त, काही न करता उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, उलट्यांसोबत पोट फुगून गॅस पण न जाणं, यातलं काही असेल तर सहा आठवडे पण थांबायचं नाही, आणि यातलं शेवटचं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आधी आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, आतडं अरुंद असल्याचं सांगितलेलं असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर वरची कडधान्याची वाटी सुरू करायच्या आधीच विचारून घे, किडनीवाल्यांना त्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं.

सोमवारी कँटीनमधे गेलास की आधी पातेल्यात काय आहे ते बघ, आणि अर्धी वाटी, तळातून.